तासभर पुरणारी बाटली: ॲपल सायडर व्हिनेगर, दात आणि घसा यांचे एक प्रकरण

४३ वर्षांच्या एक शिक्षिका दातांच्या डॉक्टरांकडे येतात. गार पाण्याचा घोट घेतला की वरच्या पुढच्या दातांतून कळ जाते. आंबट काही न खाताही दिवसभर दात आंबल्यासारखे राहतात. हे सांगताना त्या दोनदा घसा खाकरतात. विचारल्यावर कळते की सकाळी आवाज लवकर फुटत नाही, पहिल्या दोन तासिका झाल्या की घसा बसतो आणि घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटते. शिकवण्याच्या कामात हे चालायचेच असे समजून त्यांनी घशाकडे लक्ष दिलेले नाही. दातांचा आणि घशाचा काही संबंध असेल अशी शंका त्यांना आलेली नाही.

ही बाई म्हणजे एखादी खरी व्यक्ती नव्हे. दातांच्या दवाखान्यात असे रुग्ण ज्या तक्रारी आणि ज्या सवयी घेऊन येतात, त्यांतून हे प्रकरण जुळवले आहे. त्यामुळे त्यांचे वय, वजन आणि साखरेचे आकडे उदाहरणादाखल घ्यावेत. आम्लाचे गणित आणि पुढे आलेली प्रसिद्ध प्रकरणे मात्र खरी आहेत.

दोन वर्षांपूर्वी त्यांना टाइप २ मधुमेह निघाला. रोज मेटफॉर्मिनच्या दोन गोळ्या चालू आहेत. खाण्यापिण्याचे विचारले तेव्हा त्यांनी सगळे मोकळेपणाने सांगितले, फक्त एक गोष्ट राहिली. "दुसरे काही घेता का? काढा, लिंबूपाणी, शक्तीचे पेय?" असे नावानिशी विचारल्यावर त्या म्हणाल्या, "ॲपल सायडर व्हिनेगर घेते, पण ते औषध नाही ना डॉक्टर." हे उत्तर फार वेळा ऐकू येते. म्हणून हा प्रश्न नावे घेऊनच विचारावा लागतो.

त्यांचा क्रम नऊ महिने असा चालला होता. सकाळी उठल्यावर अर्ध्या लिटरच्या बाटलीत दोन मोठे चमचे, म्हणजे ३० मिलिलिटर व्हिनेगर. एकदम प्यायले की पोटात ढवळते म्हणून आवरता आवरता, वह्या तपासता तपासता, घोट घोट करत ती बाटली तास-दीड तास पुरायची. बाटली संपली की तोंडाचा आंबट वास जावा म्हणून लगेच ब्रश. रात्री ब्रश झाल्यावर आणखी एक मोठा चमचा अर्ध्या कपापेक्षा थोड्या कमी पाण्यात, आणि तो घेऊन झोप. रात्रीचा डोस सकाळच्या उपाशीपोटीच्या साखरेसाठी होता.

आता यातले नेमके काय बाधले ते पाहू. एकूण किती व्हिनेगर पोटात गेले एवढेच मोजले तर हे प्रकरण उलगडत नाही. दिवसाला ४५ मिलिलिटर ही मात्रा काही अभ्यासांत वापरलेल्या मात्रेच्या फार पुढे नाही. आम्ल दातांवर किती वेळ राहिले, तेव्हा तोंडात लाळ किती होती आणि त्यानंतर लगेच दातांचे काय केले, यावर नुकसान ठरले.

पाण्याने काय होते आणि काय होत नाही

"पण मी भरपूर पाणी घालते," हे त्यांचे पहिले म्हणणे होते. ते रास्त वाटते, म्हणून त्याचा हिशेब नीट मांडायला हवा.

बाजारातल्या व्हिनेगरमध्ये ॲसिटिक आम्ल साधारण ५ टक्के असते आणि त्याचा पीएच अडीच ते तीनच्या आसपास. पीएच हा आम्लपणा मोजणारा आकडा, तो जितका कमी तितका आम्लपणा जास्त. दाताचे वरचे कठीण आवरण, म्हणजे इनॅमल, हे कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या स्फटिकांचे बनलेले असते. तोंडातला पीएच साधारण साडेपाचच्या खाली गेला की हे स्फटिक विरघळू लागतात. आता ३० मिलिलिटर व्हिनेगर अर्धा लिटर पाण्यात घातले तर ते जवळजवळ अठरा पट पातळ झाले. आम्लपणाही अठरा पट उतरला असेल असे वाटते. प्रत्यक्षात पीएच ही मोजपट्टी लॉगरिदमची आहे, म्हणजे तो एका अंकाने चढायला आम्लपणा दहा पट उतरावा लागतो, आणि ॲसिटिक आम्ल सौम्य असल्यामुळे पातळ केल्यावर त्याचे आणखी रेणू सुटून आम्लपणा टिकवून धरतात. शंभर पट पातळ केले तर पीएच जेमतेम एका अंकाने चढतो. त्यामुळे या बाटलीतल्या पाण्याचा पीएच साधारण तीनच राहतो. चव सौम्य होते, घोट सहज उतरतो, पण इनॅमलच्या दृष्टीने ते पाणी साडेपाचच्या बरेच खालीच असते.

पाण्याचा उपयोगच नाही असे मात्र नाही. पातळ पेयात आम्लाचा एकूण साठा कमी असतो. ते एकदाच पिऊन संपवले तर लाळ काही मिनिटांत उरलेले आम्ल निष्प्रभ करते. घशासाठी तर पातळ करणे फार महत्त्वाचे आहे, त्याकडे पुढे येऊ. या बाईंनी मात्र लाळेला ती काही मिनिटे मिळूच दिली नाहीत. दर चार-पाच मिनिटांनी नवा घोट, म्हणजे लाळेने पीएच वर आणायला सुरुवात केली की पुन्हा खाली. तास-दीड तास दात आम्लातच भिजत राहिले.

त्यानंतर लगेच ब्रश. आम्लाने इनॅमलचा सगळ्यात वरचा पातळ थर मऊ पडतो. त्याला वेळ मिळाला तर लाळेतले कॅल्शियम, फॉस्फेट आणि टूथपेस्टमधले फ्लोराइड घेऊन तो बराचसा पुन्हा घट्ट होतो. मऊ असतानाच त्यावरून ब्रश फिरला तर तो थर घासून निघून जातो आणि कायमचा जातो. इनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात वर येईपर्यंतच काम करतात, नंतर शरीराकडे ते पुन्हा घडवण्याची सोय नसते.

रात्रीचा चमचा मात्रेने निम्मा होता, पण माझ्या मते दिवसातला सगळ्यात वाईट डोस तोच होता. झोपेत लाळ जवळजवळ थांबते. त्या डोसाला पाणीही कमी होते. ते दातांवर तसेच ठेवून आडवे व्हायचे, म्हणजे दात आणि घसा दोघांचेही संरक्षण सगळ्यात कमी असतानाच आम्ल द्यायचे.

तोंडात काय दिसले

आम्लाने झिजलेले दात ओळखता येतात, पण दात वाळवून चांगल्या उजेडात पाहावे लागतात. सुरुवातीला ते वाईट दिसतच नाहीत, उलट जास्त गुळगुळीत आणि रेशमी चकाकीचे दिसतात, कारण पृष्ठभागावरच्या बारीक रेषा पुसल्या गेलेल्या असतात. या बाईंच्या वरच्या पुढच्या चार दातांचा ओठाकडचा भाग असा सपाट आणि चकचकीत झाला होता. कडा काचेसारख्या पारदर्शक दिसत होत्या. खालच्या पहिल्या दाढांच्या उंचवट्यांवर छोटे खळगे पडले होते, आणि त्यांच्या तळाशी इनॅमलखालचा पिवळसर डेंटिन उघडा पडला होता. गार पाण्याची कळ या उघड्या डेंटिनमुळे येते. उजव्या दाढेतले जुने फिलिंग आजूबाजूच्या दातापेक्षा वर आलेले दिसत होते. फिलिंग जिथल्या तिथेच होते, त्याच्या भोवतीचा दात खाली गेला होता. ही खूण आम्लाच्या झिजेची जवळजवळ खात्री देते.

दात खाण्याच्या सवयीने झीज झाली असती तर वरखालचे दात एकमेकांत बसतील असे सपाट ठसे दिसले असते. जोरात आडवा ब्रश करण्याने झाली असती तर हिरडीजवळ पाचरीसारखी खाच पडली असती. कीड असती तर ती किटण साचते तिथे सापडली असती. हे दात तर अगदी स्वच्छ होते.

एक गोष्ट मात्र सरळ जुळत नव्हती. बाहेरून प्यायलेले आम्ल मुख्यतः पुढच्या दातांच्या बाहेरच्या बाजूला आणि खालच्या दाढांच्या माथ्यावर काम करते. इथे वरच्या दातांची टाळूकडची बाजूही थोडी झिजलेली होती. ती जागा पोटातून वर येणाऱ्या आम्लाची. छातीत जळजळ होते का असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "रात्री कधीकधी. पूर्वी नव्हती."

झीज नोंदवायला दंतवैद्य बीईडब्ल्यूई नावाची गुणपद्धत वापरतात. तोंडाचे सहा भाग करायचे आणि प्रत्येक भागातल्या सर्वांत झिजलेल्या दाताला शून्य ते तीन गुण द्यायचे. इथे बेरीज दहा आली. ती मध्यम धोक्याच्या पट्ट्यात येते. या आकड्याचा खरा उपयोग सहा महिन्यांनी होतो, तोच हिशेब पुन्हा केल्यावर झीज थांबली की नाही ते कळते. म्हणून त्याच दिवशी फोटो आणि दातांचा स्कॅनही करून ठेवला.

असे व्हायला नऊ महिनेही लागावेत असे नाही. २०१२ मध्ये नेदरलँड्समधल्या दंतवैद्यांनी एका १५ वर्षांच्या मुलीचे प्रकरण प्रसिद्ध केले. ती वजन कमी करण्यासाठी रोज एक ग्लास ॲपल सायडर व्हिनेगर पीत होती आणि तिच्या दातांवर आम्लाची झीज झालेली होती. अमेरिकेतल्या एका छोट्या चाचणीत निरोगी प्रौढांनी आठ आठवडे रोज दोनदा व्हिनेगरचे पेय घेतले, तेवढ्यातच झिजेचे गुण वाढल्याचे दिसले. चाचणी लहान होती, पण तिची दिशा दवाखान्यात दिसते तीच आहे.

घसा

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीने पाहिले. स्वरतंतूंच्या मागचा भाग लाल आणि सुजलेला होता. गाठ नव्हती, जखम नव्हती. पोटातले द्रव घशापर्यंत येते तेव्हा असे दिसू शकते, मात्र नुसती लाली पाहून ते ठामपणे सांगता येत नाही, म्हणून तज्ज्ञांनी लक्षणे आणि सवयी यांच्यासह त्याचा अर्थ लावला.

इथे आम्ल दोन वाटांनी येते. एक वरून, पिताना. दुसरी खालून, जठरातून. खालून येणाऱ्या द्रवाबरोबर पेप्सिन हे प्रथिने पचवणारे द्रव्यही घशाच्या आवरणावर येऊन बसते. आम्ल नसले की ते निष्क्रिय पडून राहते आणि आम्ल मिळाले की पुन्हा कामाला लागते. म्हणून ज्याला आधीच आम्ल वर येण्याचा त्रास आहे, त्याच्या घशाला वरून दिलेले व्हिनेगर जास्त बोचते. शिवाय व्हिनेगरमुळे जठर रिकामे व्हायला उशीर होतो. भरल्या जठराने आडवे झाले की आम्ल वर येणे आणखी सोपे होते. या बाईंची रात्रीची जळजळ व्हिनेगर सुरू झाल्यानंतरची होती, हे इथे लक्षात घ्यायला हवे.

न मिसळता घेतलेल्या व्हिनेगरचा प्रकार याहून वेगळा आणि जास्त गंभीर आहे. हाँगकाँगमधले २००२ साली प्रसिद्ध झालेले एक प्रकरण आहे. एका ३९ वर्षांच्या बाईंच्या घशात खेकड्याच्या कवचाचा तुकडा अडकला. तो मऊ व्हावा म्हणून त्यांनी एक चमचा व्हिनेगर तसेच गिळले. एंडोस्कोपीत अन्ननलिकेला रासायनिक भाजण्याची जखम आढळली. चमचा एकच होता, पण तो पाण्याविना होता. "सकाळी एक शॉट मारायचा" असे कोणी सांगितले तर हे प्रकरण आठवावे.

दात वाचवायला गोळ्या घेण्याचा सल्लाही दिला जातो. गोळीने दात वाचतात, घसा वाचेलच असे नाही. २००५ मध्ये अमेरिकेत एका बाईंच्या घशात व्हिनेगरची गोळी अडकून इजा झाली. त्यानंतर संशोधकांनी अशा आठ उत्पादनांची तपासणी केली, तेव्हा त्यांतले आम्लाचे प्रमाण एकमेकांपासून खूपच वेगळे निघाले. अडकलेली आम्लाची गोळी एकाच जागी विरघळत राहते. द्रव निदान पुढे तरी सरकते.

आवाज तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ बसलेला असेल, गिळताना दुखत असेल, घास अडत असेल किंवा उलटीत रक्त दिसत असेल, तर "व्हिनेगरमुळे असेल" असे मनात धरून थांबू नये. दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी.

मग साखर आणि वजनाचे काय?

हा प्रश्न बाईंचा होता आणि तो टाळणे अन्यायाचे झाले असते. त्यांची उपाशीपोटीची साखर सरासरी १३८ वरून १३१ वर आली होती. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी ७.२ वरून ६.९ वर. वजन ७८ किलोवरून ७६. दात झिजले तरी फायदा झाला, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते.

फायदा खोटा असेलच असे नाही. पिठूळ जेवणाबरोबर व्हिनेगर घेतले तर जेवणानंतरची साखर थोडी कमी चढते, हे बऱ्याच छोट्या अभ्यासांत दिसले आहे. जठर हळू रिकामे होते, त्यामुळे साखर रक्तात संथपणे येते. टाइप २ मधुमेहाच्या काही रुग्णांनी झोपताना दोन मोठे चमचे व्हिनेगर घेतले, तेव्हा सकाळची साखर चार ते सहा टक्के उतरली, असा २००७ मधला एक अगदी छोटा अभ्यासही आहे. बाईंचे १३८ वरून १३१ साधारण त्याच मापातले आहे. पण हे माप किती लहान आहे ते पाहा. घरच्या ग्लुकोमीटरला शंभराच्या वरच्या आकड्यांत पंधरा टक्क्यांपर्यंत चुकीची मुभा असते. एखाद्या सकाळच्या आकड्यावरून असा फरक कळूच शकत नाही. त्याच काळात त्यांनी संध्याकाळचे गोड बिस्किट बंद केले होते आणि गोळ्या नियमित घ्यायला लागल्या होत्या. श्रेय कोणाचे ते नुसत्या आकड्यांवरून ठरत नाही.

वजनाचा आधार त्याहून बारीक. २००९ मध्ये जपानमध्ये लठ्ठ प्रौढांवर बारा आठवड्यांची चाचणी झाली. रोज १५ किंवा ३० मिलिलिटर व्हिनेगर घेणाऱ्यांचे वजन साधारण एक ते दोन किलोने उतरले, आणि घेणे बंद केल्यावर ते परत वर जाऊ लागले. २०२४ मध्ये लेबनॉनमधली एक चाचणी खूप गाजली. बारा आठवड्यांत सहा ते आठ किलो वजन घटल्याचा तिचा दावा होता. आकडेवारीतल्या विसंगतींमुळे तो शोधनिबंध २०२५ मध्ये प्रकाशकांनी मागे घेतला. "संशोधनाने सिद्ध झाले आहे" म्हणून फिरणाऱ्या संदेशांत अजूनही तोच आकडा दिसतो, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

या बाई फक्त मेटफॉर्मिनवर होत्या, त्यामुळे साखर एकदम खाली जाण्याचा धोका कमी होता. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असती तर गोष्ट वेगळी झाली असती. इन्सुलिन आपल्या वेळेवर काम सुरू करते आणि जेवण मात्र जठरातच अडकून राहते. मधुमेहाने ज्यांचे जठर आधीच मंदावले आहे, त्यांच्यात व्हिनेगरने ते आणखी मंदावते, हे स्वीडनमधल्या एका छोट्या अभ्यासात दिसले आहे. अशा रुग्णांनी आपल्या डॉक्टरांना सांगितल्याशिवाय हे पेय घेऊ नये. पोटॅशियम घटवणाऱ्या, लघवीवाटे पाणी काढणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनाही तेच लागू. रोज पाव लिटर व्हिनेगर सहा वर्षे पिणाऱ्या एका २८ वर्षांच्या बाईंचे प्रकरण १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले होते. तिचे पोटॅशियम खूप उतरले होते आणि हाडे ठिसूळ झाली होती.

काय बदलले

रात्रीचा डोस त्याच दिवशी बंद केला. त्यावर चर्चेला जागा नव्हती. सकाळची बाटलीही बंद. पूर्ण सोडणे सगळ्यात सुरक्षित, हे त्यांना स्पष्ट सांगितले. त्यांना ते लगेच पटले नाही, म्हणून मधला मार्ग ठरला: घ्यायचेच तर एक लहान चमचा, जेवणातल्या एखाद्या कालवलेल्या पदार्थात, जेवताना. चावताना लाळ भरपूर सुटते, आम्ल अन्नात गुंतलेले असते आणि दातांशी संबंध थोड्या मिनिटांचा येतो. जेवणानंतरच्या साखरेवर जो काही परिणाम आहे तो जेवणाबरोबर घेतल्यावर दिसतो, त्यामुळे सकाळी उपाशीपोटी पिण्याला तसाही फारसा अर्थ नव्हता.

स्ट्रॉबद्दल त्यांनी विचारले. स्ट्रॉचे टोक जिभेच्या मागच्या भागावर राहिले तर पुढचे दात बऱ्यापैकी वाचतात. टोक दातांच्या लगेच मागे राहिले तर आम्लाची धार थेट दातांच्या आतल्या बाजूवर पडते. घशाला स्ट्रॉचा काहीच उपयोग नाही, उलट द्रव सरळ तिकडेच जाते. त्यांच्या घशाची अवस्था पाहता स्ट्रॉ हा उपाय नव्हता.

आंबट काही तोंडात गेले तर साध्या पाण्याने चूळ भरायची आणि ब्रशला किमान अर्धा तास, जमल्यास तासभर थांबायचे. सकाळचा ब्रश नाश्त्याच्या आधी. टूथपेस्ट स्टॅनस फ्लोराइडची, ब्रश मऊ, आणि ब्रशनंतर फेस थुंकून टाकायचा, चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहते. दवाखान्यात उघड्या डेंटिनवर फ्लोराइड वार्निश लावले.

गार पाण्याची कळ काही आठवड्यांत बरीच कमी झाली. दाढांवरचे खळगे तसेच राहिले, ते भरून येणार नव्हते. त्यांतले सर्वांत खोल दोन कॉम्पोझिटने भरले. पुढच्या दातांना हात लावला नाही. झीज चालू असताना त्यांवर साहित्य चढवले तर भोवतीचा दात खाली जात राहतो आणि कडा उघड्या पडतात. आधी झीज थांबल्याचे सिद्ध व्हायला हवे होते.

साखरेसाठी त्यांनी एक साधी गोष्ट करून पाहिली. एकाच प्रकारचा नाश्ता, काही दिवस नुसता, काही दिवस व्हिनेगर कालवलेल्या पदार्थासह, आणि काही दिवस नाश्त्यानंतर पंधरा मिनिटे चालून. प्रत्येक वेळी दोन तासांनी साखर मोजली. व्हिनेगरच्या आणि नुसत्या दिवसांचे आकडे एकमेकांत मिसळून गेले होते. चालण्याच्या दिवसांचे आकडे वेगळे काढता आले. तो चमचाही मग त्यांनी स्वतःच सोडला. सहा महिन्यांनी एचबीए१सी ६.८ होती आणि वजन ७६ च्या आसपासच.

आवाज सुटायला सगळ्यात जास्त वेळ लागला. पहिला महिनाभर फरक जाणवला नाही, मग सकाळचा आवाज हळूहळू मोकळा होत गेला. सहा महिन्यांच्या तपासणीत गुणांची बेरीज दहाच राहिली, म्हणजे झीज पुढे गेली नव्हती. पहिल्या स्कॅनवर नवा स्कॅन ठेवून पाहिल्यावर पुढच्या दातांत काही बदल दिसला नाही. टाळूकडच्या बाजूला मात्र एका दातावर किंचित फरक होता. व्हिनेगर बंद होऊनही कधीकधी रात्री जळजळ होत होती, म्हणून त्यांना पोटाच्या तज्ज्ञांकडे पाठवले आहे. पुढच्या दातांचे काम त्यांचा अहवाल आल्यावर ठरेल.